चौथी नर्व्ह अन् दौलताबादच्या पायऱ्या
अरे, मेंदूच्या बारा नर्व्हचं एकच लांबलचक वाक्य पाठ करायलास ना, त्यानं नावं क्रमानं येतात पण काम येत नाही, मी व्हायवात चौथीलाच अडकलो होतो. मग या चौथीला, म्हणजे ट्रॉक्लियरला, दौलताबादच्या किल्ल्यावर नेलं: "चौथी गेली, उतरताना पायरी डबल झाली". ही नर्व्ह एकच मसल चालवते, सुपिरिअर ऑब्लिक, ती नाकाकडं वळलेला डोळा खाली नेते, म्हणून नर्व्ह गेली की जिना उतरताना, वाचताना एकाखाली एक दोन दिसतात. उजवी गेली तर पेशंट मान डावीकडं कलती करतो, म्हणून मनातल्या चित्रात डाव्या कठड्याकडं झुकलेला म्हातारा बसव. यमकासाठी बाजू मात्र उलटी करू नको, मी एकदा केलतं, अजून गोंधळतोय राव.