कूलरचा प्रश्न: कर्तव्यभंग नेमका कुठला, ते आधी ठरवा

प्रश्न: "नागपूर, मे महिना. घरमालकाने खोलीसोबत लोखंडी कूलर दिलेला. शुक्रवारी भाडेकरू म्हणाला, 'काका, कूलर करंट मारतो.' काका म्हणाले, 'पाणी भरताना बटन बंद करत जा.' मिस्त्रीला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी तो सोमवारीच येणार होता. रविवारी भाडेकरूचा मित्र आला, चालू कूलरला हात लागला, झटक्याने पडून मनगट मोडलं. सोमवारची नोकरीची मुलाखतही हुकली. मित्राचा मालकावर दावा टिकेल का? मी कर्तव्यावर दीड पान लिहिलं, तरी १० पैकी ४च मिळाले."

मार्क त्या दीड पानातच गेले. इथे कर्तव्याबद्दल फारसा वाद नाही, चार ओळी पुरतात. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, १९३२, यातला शेजाऱ्याचा नियम सांगा: आपल्या वागण्याची झळ ज्याला बसेल हे आधीच दिसतं, त्याची काळजी घ्यायची. भाडेकरूकडे मित्र येणार आणि नागपूरच्या उन्हातून आला की आधी कूलरपुढे उभा राहणार, हे कुणालाही दिसतं. मित्राचा मालकाशी करार नाही, म्हणून दावा निष्काळजीपणाचा, एवढं जोडा आणि पुढे चला.

कर्तव्यभंगात समंजस माणूस काय करता, हे विचारायचं. धोका जिवावरचा, तो मालकाला स्पष्ट सांगितलेला आणि टाळायला खर्च जवळपास शून्य. त्यांची सूचना फक्त पाणी भरणाऱ्याला वाचवते. नुसता जवळून जाताना ज्याचा हात लागेल, त्याच्यासाठी त्यांनी काहीच केलं नाही. भंग झाला, यात शंका नको.

पण "मालकाने निष्काळजीपणा केला" असं मोघम लिहून थांबू नका. त्यांनी नेमकं काय करायला हवं होतं, ते एका वाक्यात लिहा, कारण कारणसंबंधाची कसोटी त्याच वाक्याला लावायची असते. ते केलं असतं, तर इजा टळली असती का?

बहुतेक जण लिहितात, "मिस्त्रीला बोलावलं नाही." आता कसोटी लावा. शुक्रवारी फोन केला असता, तरी मिस्त्री सोमवारी येणार आणि अपघात रविवारचा. मित्र तरीही पडलाच असता. भंग सिद्ध, पण दावा कोसळला. परीक्षकाने मिस्त्रीचं वाक्य यासाठीच घातलेलं आहे. इथे बार्नेट विरुद्ध चेल्सी हॉस्पिटलचा निवाडा द्या. चहा प्यायल्यावर उलट्या होणाऱ्या पहारेकऱ्याला डॉक्टरने न तपासताच परत पाठवलं, तो आर्सेनिकच्या विषाने मेला. डॉक्टरची चूक उघड होती, पण तपासलं असतं तरी तो वाचला नसता, म्हणून दावा फेटाळला गेला.

दुसरी मांडणी: "प्लग काढून कूलर बंद ठेव, असं सांगितलं नाही." ही बरी, पण प्रतिवादीचा वकील लगेच विचारेल, मे महिन्यात भाडेकरूने ते ऐकलं असतं का? त्याला करंट लागतो हे माहीत असूनही त्याने कूलर चालू ठेवलाच होता. म्हणजे इथे दुसऱ्या माणसाने काय केलं असतं, हे शक्यतेच्या पारड्यात सिद्ध करावं लागेल.

म्हणून मी तिसरी घेईन: मालकाने त्याच दिवशी स्वतः कूलर काढून न्यायला हवा होता, दुरुस्तीपर्यंत दुसरा काही द्यायचा की नाही ते नंतर. कूलर खोलीत नसता तर झटका नाही, पडणं नाही, मनगट शाबूत. इथे मिस्त्रीचा सोमवारही आड येत नाही आणि भाडेकरूचं ऐकणं न ऐकणंही.

मग प्रश्न येतो की भाडेकरूने मित्राला सावध केलं नाही, त्याने साखळी तुटते का? माझ्या मते नाही. गप्पांच्या नादात सांगायचं राहून जाणं ही अगदी अपेक्षित चूक आहे, आणि मालकाने निर्माण होऊ दिलेला धोका तसाच चालू होता. भाडेकरूही सोबत जबाबदार ठरू शकेल, पण त्याने मालक सुटत नाही. मित्राला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा धरून भरपाई कापण्याला आधार नाही. हात भाडेकरूचा लागला असता, तर मात्र कपात होऊ शकली असती.

हानीत मनगट सरळ आहे. वॅगन माउंड, १९६१, प्रमाणे इजेचा प्रकार अपेक्षित असावा लागतो. झटक्याने पडून हाड मोडणं हा तसाच प्रकार. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेली कमाई मागता येते. मुलाखतीबद्दल सावध लिहा. ते नुकसान शारीरिक इजेतूनच आलंय, त्यामुळे निव्वळ आर्थिक नुकसान म्हणून ते बाद होत नाही. पण मुलाखत दिली असती तर नोकरी मिळालीच असती, हे दाखवणारं काहीच प्रश्नात दिलेलं नाही. त्यामुळे पूर्ण पगार मागणारा भाग टिकणार नाही, असं कारणासकट लिहा.