काँक्रीटमधला प्लास्टिसायझर: छोट्या घराला लागतो का?

मिस्त्री म्हणतो, स्लॅबच्या काँक्रीटमध्ये प्लास्टिसायझर नावाचं पातळ औषध टाकू. छोट्या घराला खरंच गरज आहे, की उगाच खर्च?

स्लॅब आणि दाट सळ्यांच्या कॉलम-बीमसाठी उपयोग आहे, पण पाणी मोजून टाकणार असाल तरच.

सिमेंटचे कण पाण्यात एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि त्यांत पाणी अडकून बसतं. प्लास्टिसायझर हे कण सुटे करतो, अडकलेलं पाणी मोकळं होतं आणि कमी पाण्यातही माल तितकाच सरकतो. समजा, ५० किलोच्या गोणीला २७ लिटर पाणी लागत होतं. साधा प्लास्टिसायझर त्यातलं साधारण दहा टक्के वाचवतो, म्हणजे २४-२५ लिटरमध्ये काम होतं. जास्तीचं पाणी उडून गेल्यावर मागे बारीक पोकळ्या राहतात. त्या कमी झाल्या की ताकद वाढते, गळतीही कमी होते.

गडबड होते ती इथे: औषध टाकलं आणि पाणी तेवढंच ठेवलं. मग माल पातळ होतो, खडी खाली बसते, वर पाणी तरंगतं. ताकद मात्र वाढत नाही. मात्रा डब्यावर लिहिलेली असते, बहुधा गोणीला १०० ते २५० मिलि. अंदाजाने बाटली ओतली तर दुसऱ्या दिवशीही काँक्रीट ओलंच सापडू शकतं. औषध शेवटच्या पाण्यात मिसळून टाका, कोरड्या सिमेंटवर नको. वाळू ओली असेल तर पाणी आणखी कमी करा.

पायाखालच्या पीसीसीला, म्हणजे बिनसळ्यांच्या काँक्रीटच्या थराला, मात्र सोडून द्या. तिथे माल सहज पसरतो, सळ्या आड येत नाहीत.