मिड-रोल कुठे टाकायचा: मिसळीच्या व्हिडिओवरचा हिशोब

प्रश्न: "माझे व्हिडिओ २०-२५ मिनिटांचे असतात. जाहिराती वाढवल्या की लोक मधेच जातात, कमी केल्या की पैसे कमी. मिड-रोल, म्हणजे व्हिडिओच्या मधल्या जाहिराती, नेमक्या किती आणि कुठे टाकायच्या?"

पुण्यात मी आणि माझी वहिनी मिळून रेसिपीचं यूट्यूब चॅनल चालवतो, रेसिपी ती करते, एडिटिंग आणि आकडेमोड माझ्याकडे. आमचा २६ मिनिटांचा मिसळीचा व्हिडिओ आहे, त्याच्यावरच सांगतो.

सुरुवातीला ३, ८, १४ आणि २० व्या मिनिटाला असे चार ब्रेक होते. मी रिटेन्शनचा ग्राफ उघडून बघितलं की हजार जणांनी व्हिडिओ सुरू केला तर प्रत्येक ब्रेकपर्यंत किती पोचतात, तर अनुक्रमे ६००, ४३०, ३४० आणि २५०. म्हणजे मधल्या जाहिराती दिसायच्या १६२० संधी, आणि सुरुवातीची जाहिरात धरली तर २६२०. संधी म्हणजे पैसे नाहीत हं, प्रत्येक ब्रेकला प्रत्येकाला जाहिरात लागतेच असं नाही आणि प्रीमियमवाल्यांना तर लागतच नाही, पण एकाच व्हिडिओच्या दोन मांडण्या ताडून बघायला हा आकडा पुरतो.

आता गळती. ३ मिनिटांच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात साधारण १२ जण जात होते आणि ब्रेक आला त्या अर्ध्या मिनिटात ४८, म्हणजे जास्तीचे ३६. ग्राफवर हा खड्डा किरकोळ दिसतो, मीही आधी सोडूनच दिला होता. पण ग्राफ सगळ्यांची सरासरी दाखवतो, ज्यांना जाहिरात लागली नाही त्यांचीही. त्या वेळी असलेल्या ६०० पैकी समजा निम्म्यांना जाहिरात लागली, तर ३०० मधले ३६ गेले, म्हणजे साधारण दर आठ माणसांमागे एक. मग मी तो ब्रेक स्वतः लावून बघितला, तर वहिनी म्हणतीये "आता तर्रीला तिखट कधी घालायचं, तर..." आणि तिथेच जाहिरात! माणूस कढईसमोर उभा असणार आणि तेल तापलेलं, तो जाणारच ना.

पण प्रत्येक खड्डा जाहिरातीचाच असतो असं समजू नका. तपासायची सोपी पद्धत म्हणजे ब्रेक एक-दीड मिनिट पुढे सरकवायचा (पब्लिश झालेल्या व्हिडिओतही यूट्यूब स्टुडिओत जाऊन हे करता येतं), दोन आठवडे थांबायचं आणि फक्त त्याच तारखांचा रिटेन्शन बघायचा, नाहीतर जुना डेटा त्यात मिसळतो. खड्डा ब्रेकसोबत सरकला तर दोष जाहिरातीचा, जागेवरच राहिला तर तिथलं फुटेज कंटाळवाणं आहे. आमचा ३ मिनिटांचा खड्डा सरकला, १४ चा मात्र तिथेच राहिला, तिथे वहिनी नुसतं दोन मिनिटं वाटण परतत होती. तेवढा भाग यूट्यूबच्याच एडिटरमधून कापला. आणि हो, ही टेस्ट करताना ऑटोमॅटिक ब्रेक बंद ठेवा, नाहीतर कुठला ब्रेक कोणी टाकला तेच कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच व्ह्यूचा हिशोब केला तर लवकरचा ब्रेक जवळजवळ नेहमीच फायद्याचा दिसतो, कारण तिथे ६०० माणसं असतात आणि पळालेल्या ३६ जणांमुळे पुढच्या तीन ब्रेकला मिळून फार तर शंभरेक संधी जातात. खरं नुकसान दुसरीकडे होतं, बघण्याचा वेळ घटतो आणि मग व्हिडिओ कमी लोकांना सुचवला जातो. म्हणून नुसता आरपीएम, म्हणजे हजार व्ह्यूजमागची कमाई, बघून ठरवू नका, तो चढतो आणि महिन्याची एकूण कमाई उतरते असं आमच्याकडे झालंय.

शेवटी मी चारचे तीन ब्रेक केले आणि ते जोडावर बसवले, जिथे एक काम संपून दुसरं सुरू होतं: मटकी शिजायला ठेवल्यावर, वाटण मिक्सरला लागल्यावर आणि तर्री उकळायला ठेवल्यावर. तिथे पोचणारे ५६०, ३८५ आणि २८०, सुरुवातीची जाहिरात धरून २२२५ संधी. म्हणजे दर व्ह्यूमागे १५ टक्के कमी, आणि ते भरून काढायला व्ह्यूज १८ टक्के वाढायला हवेत (२६२० भागिले २२२५). हा आकडा बदल करायच्या आधीच काढून ठेवा, म्हणजे नंतर मनाची समजूत घालता येत नाही. चार आठवड्यांत आमचे व्ह्यूज २२ टक्के वाढले, म्हणजे थोडक्यात निभावलं. त्यातलं थोडं श्रेय कापलेल्या वाटणाचंही असणार, दोन बदल एकदम केले ही चूक झाली.

तुमचा व्हिडिओ ८ मिनिटांच्या आत असेल तर मिड-रोल लागतच नाही, म्हणून काहीजण ओढूनताणून ८ च्या पुढे नेतात. ते करू नका, ताणलेल्या मिनिटांतली गळती ग्राफवर लगेच दिसते. आणि दोन मांडण्या ताडताना दिवाळीच्या आसपासचा महिना आणि जानेवारी समोरासमोर धरू नका, जाहिरातींचे दरच वेगळे असतात.