मागचा धागा ओढू नका

ताई, तुमची दोन रंगांत विणलेली टोपी आक्रसली ती, जो रंग विणत नाही त्याचा मागून नेलेला धागा ताणल्यामुळं. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके आधी बोटांनी पसरवा, मगच नवा रंग विणा. धागा मागं सपाट पडला पाहिजे. ताणला तर पुढं चुण्या पडतात, लोंबला तर बोट अडकतं.

समजा, लाल-पांढऱ्या नक्षीत पांढरे सात टाके सलग आहेत. तीन विणून झाले की मागं लाल धाग्याला पांढऱ्याचा एक वेढा द्या आणि चौथा विणा. लाल तिथं अडकतो. पुढच्या ओळीत जागा एखाद्या टाक्यानं सरकवा, नाहीतर लाल पुढून डोकावतो. तीन-चार टाक्यांसाठी अडकवायची गरज नाही. आमच्या परभणीच्या थंडीत बाळाचे हातमोजे विणताना मात्र मी तिथंही अडकवते, इवली बोटं गुंततात.