बिलाला हात लागला नाही, म्हणजे काम झाले असे नव्हे

प्रश्न: आमच्या कंपनीत बिल पासिंग विभागाची कार्यक्षमता मोजायची आहे. प्रति बिल खर्च, एक्सेप्शनचे प्रमाण आणि टचलेस बिलांची टक्केवारी यांपैकी कोणता आकडा खरा मानावा? आणि साधारण किती आला म्हणजे चांगला म्हणायचा?

उत्तर:

तिन्ही आकडे एकाच वेळी सुधारले असतील, तर आधी छेद तपासावा. हे मी चाकणजवळच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, अकाउंट्स पेएबलचा, म्हणजे बिल पासिंगचाच, प्रमुख असताना, स्वतःची बरीच मानहानी करून घेऊन शिकलो आहे.

आमच्याकडे महिन्याला सुमारे 6,000 बिले येत असत. बारा माणसांचे पगार 4,80,000 रुपये आणि स्कॅनिंग, सॉफ्टवेअर, टपाल, जागा यांचे 1,20,000 रुपये धरले, तर महिन्याचा खर्च 6,00,000 रुपये, म्हणजे बिलामागे 100 रुपये पडत. 6,000 पैकी 2,400 बिले, म्हणजे 40 टक्के, कोणाचाही हात न लागता, म्हणजे टचलेस, पुढे जात; पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर आणि जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची स्टोअर्सची नोंद, या दोन्हींशी ती आपोआप जुळत. 1,800 बिलांत, म्हणजे 30 टक्क्यांत, काहीतरी अडत असे; हेच एक्सेप्शन. आणि उरलेली वीजबिलासारखी पीओ नसलेली बिले आम्ही हाताने चढवत असू. ही नोंद मी वहीत ठेवत असे आणि त्यावरून माझी थट्टाही होत असे.

मुख्यालयातून नवे फायनान्स प्रमुख आले, नवी स्वयंचलित प्रणाली बसली आणि वर्षभराने आढावा बैठकीत पडद्यावर आकडे झळकले: महिन्याला 7,500 बिले, बारांऐवजी नऊ माणसे, सॉफ्टवेअरच्या वाढीव भाड्यासह खर्च 5,25,000 रुपये, बिलामागे 70 रुपये, टचलेस 70 टक्के, एक्सेप्शन फक्त 12 टक्के. मी विचारले, “सर, कारखान्याचे उत्पादन तेवढेच आहे, मग ही 1,500 जादा बिले आली कुठून?” त्यावर उत्तर मिळाले की माझ्यासारख्या जुन्या माणसांना बदल पचत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

ती बिले वाहतूकदारांची होती. पुरवठादारांच्या दारी फिरून माल गोळा करणाऱ्या मिल्क रनच्या गाड्यांचे बिल पूर्वी पंधरवड्याने एकत्र येत असे. सगळे मिळून महिन्याला वीस-बावीस कागद. फेरीनिहाय बिल ठरलेल्या दराशी यंत्राला आपोआप जुळवता येते, म्हणून वाहतूकदारांना प्रत्येक फेरीचे वेगळे बिल द्यायला सांगितले गेले. एका रात्रीत 1,500 बिनतक्रारीची, बिनचुकीची बिले जन्माला आली. अशा बिलांनी छेद फुगतो आणि प्रति बिल खर्च व एक्सेप्शनचे प्रमाण खाली येते. शिवाय ती टचलेसच्या अंशातही बसतात, त्यामुळे ती टक्केवारी वर जाते. उलट एखाद्या शहाण्या माणसाने हीच बिले पुन्हा एकत्र केली असती, तर सर्वांचे श्रम वाचले असते, परंतु प्रति बिल खर्च वाढलेला दिसून त्याचीच कानउघाडणी झाली असती. ज्या मापात श्रम वाचवणारा दोषी ठरतो, ते माप एकटे वापरू नये.

ती 1,500 बिले बाजूला काढा. 5,25,000 भागिले 6,000, म्हणजे 87 रुपये 50 पैसे. आता स्टोअर्समध्ये चला. आमची तीन माणसे कमी झाली तेव्हा जीआरएनच्या चुका दुरुस्त करण्याचे काम नाहीसे झाले नव्हते. ते स्टोअर्सच्या दोन कारकुनांकडे गेले होते आणि त्यांचा सगळा दिवस त्यातच जात होता. त्यांचे पगार मिळून 60,000 रुपये स्टोअर्सच्या खात्यात पडत होते. ते मिळवले की 97 रुपये 50 पैसे होतात. पडद्यावरची 30 रुपयांची बचत प्रत्यक्षात अडीच रुपयांची होती.

टचलेसची गोष्ट याहून वाईट आहे, आणि ती मला आमच्या प्रेसच्या भागांच्या एका लहान पुरवठादाराने शिकवली. उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग, दोन प्रेस आणि घरचीच माणसे. 10 जानेवारी 2024 रोजी त्याने 10,000 नग दिले. माल त्याच दिवशी तपासून स्वीकारला गेला. पोलादाचे दर वाढल्यामुळे खरेदी विभागाने नगाला 48.60 रुपये मान्य केले होते, परंतु पीओची दुरुस्ती मंजुरीसाठी पडून राहिल्याने प्रणालीत जुना 47.10 रुपयांचाच दर होता. बिल करासह 5,73,480 रुपयांचे होते. त्यावर त्याने सवयीप्रमाणे पीओ क्रमांकाचे शेवटचे पाचच अंक लिहिले होते. पूर्वी आमचा कारकून ते ओळखून पूर्ण क्रमांक टाकत असे. यंत्राने मात्र क्रमांक सापडत नाही म्हणून बिल ई-मेलने परत पाठवले. तो ई-मेल पत्ता त्याच्या पुतण्याचा होता आणि तो रोज पाहिला जात नव्हता. बिल पुन्हा आले 1 फेब्रुवारीला. या वेळी क्रमांक जुळला, नगसंख्या जुळली आणि बिल कोणाचाही हात न लागता प्रणालीत चढले. दरातला फरक मात्र सुमारे 3.2 टक्के होता आणि बिल न अडवता चालवून घ्यायच्या फरकाची आमची सूट होती 2 टक्के.

अशा वेळी एसॅप, म्हणजे आमची हिशोबाची प्रणाली, बिल नाकारत नाही, हे लक्षात घ्या. ते बिल चढवते आणि त्यावर `R` हा पेमेंट ब्लॉक, म्हणजे पैसे रोखणारी खूण, लावते. हिशोबाच्या दृष्टीने बिल झाले. दर आठवड्याच्या पेमेंट रनला मात्र ते दिसत नाही. अशी अडलेली बिले एसॅपच्या `MRBR` या व्यवहारात पाहून सोडवायची असतात, आणि ते पाहण्याचे काम ज्या माणसाकडे होते तो कमी केलेल्या तिघांपैकी एक होता. पुरवठादाराच्या पोर्टलवर स्थिती होती `Processed`. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, “साहेब, तुमच्या पोर्टलवर काम झालंय असं दिसतंय, मग माझे पैसे कुठं अडकलेत?” गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, 8 एप्रिलला, दुरुस्ती मंजूर करून घेऊन आम्ही पैसे सोडले. माल स्वीकारल्याला तोवर 89 दिवस झाले होते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. ही मुदत 24 फेब्रुवारीला संपली होती. त्याच आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याचे कलम 43B(h) लागू झाले होते, त्यामुळे मुदत उलटूनही 31 मार्चला न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता आली नाही. लेखापरीक्षकांनी अशा बिलांची यादी मागितली तेव्हा हे बिल त्यात निघाले. उशिराचे चक्रवाढ व्याज कायद्याने देय होते. त्याने मागितले नाही, कारण त्याला पुढची ऑर्डर हवी होती. आणि हेच बिल फेब्रुवारीच्या 70 टक्क्यांत ‘टचलेस’ म्हणून मोजले गेले होते.

मग मी त्या महिन्याची सगळी बिले काढून बसलो. टचलेस म्हणून दाखवलेल्या 5,250 मधून फेऱ्यांची 1,500 वजा केली, 3,750 उरली. त्यांतल्या 600 बिलांवर चढताना ब्लॉक लागला होता. आणखी 300 बिले आधी ई-मेलने परत जाऊन दुसऱ्या खेपेला यंत्रातून गेली होती. परत पाठवलेले बिल प्रणालीत शिरतच नसल्याने ते एक्सेप्शनमध्येही नव्हते. उरली 2,850, म्हणजे 6,000 च्या 47.5 टक्के. एक्सेप्शनचे दाखवलेले 900, त्यात हे 600 आणि 300 मिळवले की 1,800 होतात, म्हणजे 30 टक्के. माझ्या वहीत वर्षभरापूर्वी होते तेवढेच. प्रणालीने काहीच साधले नाही असे मी म्हणत नाही. 40 वरून 47.5 ही खरी सुधारणा आहे आणि ती तिचीच आहे.

तुम्ही मोजणार असाल तर टचलेसची व्याख्या बिल पहिल्यांदा दारात आल्यापासून पैसे सुटेपर्यंत धरा, बिल चढेपर्यंत नव्हे. ब्लॉकची मोजणी महिनाअखेरच्या यादीवरून करू नका, कारण सोडवलेल्या बिलावरचा ब्लॉक पुसला जातो आणि यादीत फक्त तेव्हा अडकून असलेलीच दिसतात. बिल चढते त्याच दिवशीची नोंद घ्या. परत पाठवलेल्या बिलांचा हिशोब ई-मेलच्या खोक्यातून काढावा लागला तरी काढा. एक्सेप्शन दर, नग, जीआरएन नाही, पीओ क्रमांक नाही अशा कारणांनुसार वेगळे लिहा. आमच्या 1,800 पैकी बहुतेकांचे मूळ खरेदी विभागाच्या न झालेल्या दुरुस्त्यांत होते, आणि त्यांसाठी आमच्या विभागाला गुण देणे किंवा कापणे दोन्ही निरर्थक होते. दराची सूट 2 वरून 5 टक्के केली तर हा आकडा दुसऱ्याच दिवशी देखणा होतो. तेव्हा सूट किती आहे हे त्याच कागदावर छापा. आमच्या त्या बिलात 3.2 टक्के म्हणजे कराशिवाय 15,000 रुपये होते.

चांगला आकडा किती, याचे उत्तर मी टाळतो आहे असे वाटेल. ज्या कारखान्यात जवळजवळ सर्व खरेदी पीओवर होते, त्याचा टचलेस आकडा आणि ज्या रुग्णालयात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत निम्मी बिले सेवांची असतात, त्याचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही. स्वतःच्या मागच्या वर्षाशी, त्याच छेदाने आणि दराची सूट तेवढीच ठेवून तुलना करा. महिन्याला तीनचारशेच बिले येत असतील, तर प्रति बिल खर्च काढूच नका. एक माणूस रजेवर गेला तरी तो हलतो.

हेही सांगायला हवे की माझे आकडे एकाच कारखान्याचे आणि एकाच महिन्याचे आहेत, आणि स्टोअर्सच्या दोन कारकुनांचा पूर्ण पगार धरण्याबद्दल कोणी माझ्याशी भांडले, तर त्याच्या बाजूनेही थोडे म्हणता येईल. निम्मा धरला तरी 92 रुपये 50 पैसे येतात. सत्तर येत नाहीत. हा हिशोब मी एका पानावर लिहून फायनान्स प्रमुखांना दिला होता; त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि पुढच्या तिमाहीच्या सादरीकरणात टचलेस 74 टक्के दाखवले.