कॅलेंडरच्या चौकटीत पंचमी, श्राद्ध मात्र षष्ठीचं

प्रश्न : बाबा दोन वर्षांपूर्वी माघात, रात्री दीड वाजता गेले. कॅलेंडरमध्ये त्या दिवशी शुद्ध पंचमी आहे. भाऊ म्हणतो, शुद्ध पक्षातली तिथी पितृपक्षात कशी चालेल? गोंधळ होऊन राहिला. (महाल, नागपूर)

भावाची शंका आधी सोडवते. महालयाला मृत्यूचा महिना आणि पक्ष पाहत नाहीत, फक्त तिथी पाहतात. महिना-पक्ष धरायचा तो वर्षश्राद्धाला.

आता तिथी. कॅलेंडरच्या चौकटीत सूर्योदयाची तिथी छापलेली असते, आणि आपल्याला हवी ती प्राण गेला त्या क्षणाची. माझे सासरे रात्री एक चाळीसला गेले. चौकटीत पंचमी होती म्हणून चार वर्षं आम्ही पंचमीलाच पान वाढलं. पाचव्या वर्षी गुरुजींनी जुनं पंचांग काढलं, तर पंचमी रात्री अकरा दहालाच संपलेली. म्हणजे सासऱ्यांची तिथी षष्ठी. तुम्हीही त्या वर्षीचं पंचांग काढून पंचमी किती वाजता संपली ते बघा. दीडच्या आधी संपली असेल तर षष्ठी, नाहीतर पंचमी.

दुसरी चूक पितृपक्षातला दिवस ठरवताना होते. श्राद्धाची तिथी अपराह्णकाळी असावी लागते. सूर्योदय ते सूर्यास्ताचे पाच भाग केले की चौथा भाग म्हणजे अपराह्ण. या दिवसांत आपल्याकडे सूर्य साधारण सहाला उगवतो, सहाला मावळतो, म्हणून तो अंदाजे सव्वा ते साडेतीन. समजा चौकटीत पंचमी आहे, पण ती सकाळी अकरा पन्नासला संपते. मग दुपारी षष्ठी लागलेली असते आणि षष्ठीचं श्राद्ध त्याच दिवशी येतं. म्हणून मोठ्या अक्षरातली तिथी सोडून खाली बारीक अक्षरात ‘षष्ठी श्राद्ध’ कुठे लिहिलंय ते शोधा. दोन्ही दिवशी दुपारी तीच तिथी असेल तेव्हा मात्र गुरुजींनाच विचारा.

ऑफिसला जायचं म्हणून सकाळी नऊलाच पान उरकणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आमच्याकडे कढी, वडे, कोहळ्याची भाजी, तांदळाची खीर हे सगळं एकपर्यंत तयार असतं. मग मुलगा जानवं उजव्या खांद्यावर घेऊन दक्षिणेकडे तोंड करतो आणि काळे तीळ घातलेलं पाणी अंगठा व तर्जनीच्या मधून सोडतो. वडील, आजोबा, पणजोबा, तिघांची नावं गोत्रासह घेतो. पणजोबांचं नाव ऐन वेळी कुणाला आठवत नाही, ते आजच घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. काकघास गच्चीवर ठेवायचा.

त्या दिवशी जमलं नाही तर सर्वपित्री अमावास्या आहे. तीही चुकली तर सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, महालय करता येतो.