क्रिएटिन घेताना दमट उन्हात पाणी किती प्यायचं?

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय, राहायला विरारला. सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर पळतो. महिनाभर झाला क्रिएटिन सुरू करून. मित्र म्हणतात रोज सहा लिटर पाणी पी, नाहीतर किडनीवर येईल. खरं आहे का?

उत्तर : क्रिएटिनसाठी म्हणून सहा लिटर पिऊ नका. पाणी ठरतं तुमच्या घामावर, आणि तो घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो.

क्रिएटिन पाणी ओढतं हे खरं, पण ते स्नायूंच्या पेशींत ओढतं. सुरुवातीला वजन किलोभर वाढतं, ते मुख्यतः हेच पाणी. त्याने अंग कोरडं पडतं किंवा गोळे येतात, असं खेळाडूंवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. खरी अडचण आपल्या किनारपट्टीच्या हवेची आहे. घाम सुकला तरच अंग थंड होतं. दमट हवेत तो सुकत नाही, नुसता ठिबकतो, आणि अंग तापलेलंच राहिल्यामुळे शरीर आणखी घाम काढतं. पहाटे ऊन नसतं, पण हवेतला ओलावा बहुधा तेव्हाच जास्त असतो. त्यामुळे सकाळचं पळणं सोपं समजू नका.

मी वसईला मे महिन्यात मोजलेलं सांगतो. पळायला निघण्याआधी लघवी करून, फक्त चड्डीवर वजन केलं : ७२.४ किलो. तासभर १६०० मीटरचे तुकडे आणि गोळाफेक केली, मध्ये ४०० मिली पाणी प्यायलो. घरी येऊन ओले कपडे काढले, अंग टॉवेलने कोरडं पुसलं, पुन्हा काट्यावर : ७१.३. घट १.१ किलो, त्यात प्यायलेलं ४०० मिली मिळवलं की तासाला साधारण दीड लिटर घाम. टी-शर्ट अंगावर ठेवून वजन केलं असतं तर त्यात मुरलेला घामही काट्यावर चढला असता आणि घट कमी दिसली असती.

क्रिएटिनवाल्यांची गफलत इथेच होते. पूर्वी वजन ७१ असायचं, आज पळून आल्यावर ७१.३ आहे, म्हणजे पाणी कमी पडलं नाही असं वाटतं. पण क्रिएटिनमुळे वाढलेला तो किलो स्नायूंत धरलेला आहे, घामाची भरपाई म्हणून तो धरायचा नाही. त्यामुळे जुन्या वजनाशी तुलना करू नका, त्याच दिवशीचं आधीचं आणि नंतरचं वजन बघा. घट शरीराच्या २ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. ७२ किलोच्या माणसाला ही मर्यादा सुमारे १.४ किलो. त्यापुढे गेलात तर पुढच्या वेळी मध्ये जास्त घोट घ्या. आणि वजन वाढून आलं, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

घट भरताना तिच्या सव्वा ते दीडपट घ्या, कारण काही पाणी लघवीतून जातंच. माझ्या १.१ किलोसाठी ते १.४ ते १.६ लिटर झालं, दोन-तीन तासांत, थोडं थोडं. एका दमात नाही. तासाभराहून जास्त घाम गाळला असेल तर त्यात मीठ हवं : लिटरभर पाण्याला पाव चमचा मीठ, थोडी साखर, लिंबू. मीठ घातलेलं कोकम सरबतही चालतं. ब्लडप्रेशर असेल तर मिठाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. मीठ न घेता सहा लिटर साधं पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस तहान लागली समजून आणखी पितो. फार धोकादायक आहे हे.

डोस रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतो. मी सुरुवातीला लोडिंगच्या नावाखाली दिवसाला २० ग्रॅम घेतलं आणि मोठमोठ्या डोसांनी जुलाब लागले. उन्हाळ्यात असं पाणी घालवणं परवडत नाही. कमी डोसने स्नायू तीन-चार आठवड्यांत तेवढेच भरतात. पावडर बाटलीत विरघळवून दिवसभर उन्हात फिरवू नका, पाण्यात ती हळूहळू क्रिएटिनिन बनते. कालवा आणि लगेच प्या.

किडनीबद्दल : निरोगी माणसाला या डोसने इजा झाल्याचं दिसलेलं नाही. किडनीचा जुना त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येऊ शकतं, म्हणून रक्त देताना क्रिएटिन घेतो हे सांगाच.

पळताना अंगावर काटा येऊन थंडी वाजली, तोल गेला किंवा बोलणं अडखळलं, तर तिथेच थांबा. सोबतच्यांनी सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतायचं आणि १०८ला फोन करायचा. आणि पळून आल्यावर लघवी कोलासारखी काळपट आली, स्नायू असह्य दुखले, तर पाणी पीत घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.